दीडशे शब्दांत शिक्षकांचा ताण: शोधनिबंधाचा सारांश कसा लिहावा

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या ताणावर माझा शोधनिबंध तयार आहे. एका जिल्ह्यातल्या २१० शिक्षकांना पीएसएस-१० ही ताण मोजणारी प्रश्नावली आणि कामाच्या तासांची प्रश्नावली दिली, १२ जणांच्या मुलाखती घेतल्या, द्विशिक्षकी आणि मोठ्या शाळांची तुलना केली. नियतकालिकाला सारांश १५० शब्दांत हवा आहे, माझा ३०० च्या पुढे जातो. सुरुवात आहे ‘शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असून आजच्या धकाधकीच्या युगात...’. उद्देश, पद्धत, निष्कर्ष, शिफारशी सगळेच महत्त्वाचे वाटते. काय कापू?

उत्तर:

कापण्यापासून सुरुवात करू नका. तीनशे शब्दांचा मजकूर खोडत खोडत दीडशेवर आणला की प्रत्येक वाक्यातले थोडे थोडे जाते आणि नेमके आकडे, गाव-शाळा, दिशा दाखवणारे शब्द आधी जातात. कारण विशेषणे वाक्यात घट्ट बसलेली असतात आणि कंसातला आकडा सहज उचलता येतो. तो मजकूर बाजूला ठेवा, निबंधातले निष्कर्षांचे तक्ते समोर घ्या आणि सारांश निष्कर्षांपासून उलटा लिहा. आधी निष्कर्षांची तीन-चार वाक्ये, मग ती वाक्ये समजायला जेवढी पद्धत लागेल तेवढी पद्धत, मग त्या निष्कर्षांना शोभेल असा उद्देश, आणि शेवटी त्यांतून खरोखर निघणारी शिफारस. छापताना क्रम नेहमीचाच राहील, लिहिताना मात्र असा.

शब्दांची वाटणी मी ढोबळमानाने अशी करतो: उद्देशाला वीस, पद्धतीला तीस, निष्कर्षांना साठ, शिफारशीला तीस. उरलेले दहा शब्द हाताशी राखून ठेवायचे. या वाटणीत पार्श्वभूमीला जागा नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. शिक्षक-ताणावरचे नियतकालिक वाचणाऱ्याला शिक्षकाचे राष्ट्रातले स्थान माहीत असते. तुमचे पहिले वाक्य गेले तर निबंधाचे काहीच बिघडत नाही, ही त्याची कसोटी. काही नियतकालिके मात्र ठरावीक मथळे देतात. उदाहरणार्थ, ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजीच्या सारांशात पार्श्वभूमी, उद्देश, नमुना, पद्धत, निष्कर्ष, निष्पत्ती असे वेगळे भाग असतात. तिथे पार्श्वभूमी लिहावी लागते, पण तीही एका वाक्यात, आणि त्या वाक्यात आधीच्या संशोधनात नेमके काय राहून गेले ते यावे.

आता ‘ताण’ म्हणजे तुम्ही काय मोजले ते बघू. उद्देशाचे वाक्य बहुतेक सारांशांत इथेच सैल पडते. पहिल्या ओळीत ‘ताणतणाव’, दुसरीत ‘मानसिक दडपण’, निष्कर्षांत ‘कामाचा ताण’ आणि शिफारशीत ‘मानसिक आरोग्य’ असे शब्द फिरत राहतात. भाषेच्या सौंदर्यासाठी शब्द बदलणे ललित लेखनात चांगले, इथे मात्र वाचकाला चार वेगळ्या गोष्टी मोजल्याचा भास होतो. पीएसएस-१० ही शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या मापनश्रेणीची दहा प्रश्नांची आवृत्ती आहे. ती गेल्या एका महिन्यात माणसाला आपले आयुष्य किती अनिश्चित, हाताबाहेर गेलेले आणि ओझ्याचे वाटले ते विचारते. शाळेबद्दल ती काहीच विचारत नाही. म्हणजे तुम्ही मोजला तो ‘जाणवणारा ताण’. त्यात घरचे आजारपण, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे सगळे मिसळलेले आहे. सारांशात ‘शिक्षकांचा कामाचा ताण’ असे लिहिले तर जाणकार समीक्षक पहिल्याच वाचनात बोट ठेवील. ‘शिक्षकांना जाणवणारा ताण’ हा शब्दप्रयोग एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. बर्नआउट, म्हणजे कामामुळे येणारा पुरता थकवा, हाही वेगळाच विषय आहे. त्यासाठी मास्लाक यांची वेगळी सूची असते. ती वापरली नसेल तर तो शब्द सारांशात आणू नका.

पद्धतीच्या भागात आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या निबंधांना एक साचा पडला आहे, तो असा: ‘सदर संशोधनासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून माहिती संकलनासाठी प्रश्नावली व मुलाखत या साधनांचा उपयोग करण्यात आला. संकलित माहितीचे विश्लेषण मध्यमान, प्रमाण विचलन व टी-परीक्षिका या संख्याशास्त्रीय तंत्रांच्या साहाय्याने करण्यात आले.’ हे ३२ शब्द झाले. त्यांत कोण, किती, कुठे, कधी आणि कसे निवडले यांपैकी एकाचेही उत्तर नाही. हीच दोन वाक्ये विद्यार्थ्यांच्या वाचनसवयींवरच्या निबंधातही जशीच्या तशी बसतील. मध्यमान काढले हे वेगळे सांगायची गरज नसते, निष्कर्षात सरासरी दिली की ते कळतेच. संगणकप्रणालीचे नाव, विश्वासार्हतेचा गुणांक, शून्य परिकल्पनांची संख्या हे सगळे निबंधात असू द्या.

कोण, किती, कुठे, कधी, कसे ही पाच उत्तरे मात्र सारांशात हवीतच. त्यांतल्या ‘कधी’कडे फार दुर्लक्ष होते. पीएसएस-१० गेल्या महिन्याबद्दल विचारते, त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू होताना भरलेली प्रश्नावली आणि वार्षिक परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या कामाच्या दिवसांत भरलेली प्रश्नावली यांचे गुण वेगळे येऊ शकतात. महिना लिहायला एक शब्द लागतो आणि वाचकाला गुणांचा अर्थ लावता येतो.

‘कसे निवडले’ हे तर प्रामाणिकपणे लिहा. प्रश्नावलीची लिंक तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकली आणि ज्यांनी भरली ते २१० असतील, तर तो यादृच्छिक नमुना नव्हे. खूप त्रासलेले शिक्षक आवर्जून भरतात, किंवा उलट त्यांनाच भरायला सवड नसते. दोन्ही शक्यता असतात आणि कोणती खरी ते बाहेरून कळत नाही. अशा वेळी ‘स्वेच्छेने प्रतिसाद देणाऱ्या २१० शिक्षकांनी’ असे लिहा. शाळांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांनी शाळा निवडल्या असतील तरच ‘यादृच्छिक’ म्हणा.

आता निष्कर्ष. इथेच सगळ्यात जास्त शब्द खर्च करा. ‘द्विशिक्षकी शाळांतील व मोठ्या शाळांतील शिक्षकांच्या ताणात सार्थक फरक आढळून आला’ या वाक्यात कोणाचा ताण जास्त हेच नाही! किती जास्त, तेही नाही. ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला’ हे तर त्याहून दूरचे. वाचकाला तुमची परिकल्पना माहीत नसते, तिचा त्याग केला म्हणजे काय दिसले ते त्याने ओळखायचे कसे? सार्थकता एवढेच सांगते की हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे. नमुना मोठा असला की अर्ध्या गुणाचा फरकही सार्थक ठरतो. म्हणून दिशा आणि आकार दोन्ही द्या: दोन्ही गटांच्या सरासऱ्या, आणि जमल्यास परिणामाचा आकार. कोहेन यांचा डी (हे जेकब कोहेन, मापनश्रेणीवाले वेगळे) सर्वांच्या ओळखीचा आहे. ०.२ च्या आसपास लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असा त्याचा रूढ अर्थ घेतात.

या विषयावरचा एक जुना, अजूनही सतत उद्धृत होणारा निबंध यासाठी बघण्यासारखा आहे. क्रिस किरियाकू आणि जॉन सटक्लिफ यांनी १९७८ साली इंग्लंडमधल्या १६ काँप्रिहेन्सिव्ह, म्हणजे प्रवेशपरीक्षेविना सर्वांना घेणाऱ्या माध्यमिक, शाळांतल्या २५७ शिक्षकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्याच्या सारांशातून आजही लगेच कळते की सुमारे २० टक्के शिक्षकांनी आपले काम फार किंवा अतिशय ताणाचे असल्याचे सांगितले. ताणाच्या उगमांचे चार गट निघाले – विद्यार्थ्यांचे गैरवर्तन, कामाची वाईट परिस्थिती, वेळेची ओढाताण आणि शाळेतले वातावरण. थकवा आणि वैफल्य ही लक्षणे सर्वाधिक वेळा आढळली. आणि वय, लिंग, सेवाकाल यांच्याशी ताणाचा फारसा संबंध दिसला नाही. शेवटचा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो. फरक दिसला नाही हाही निष्कर्ष असतो. तुम्ही स्त्री-पुरुष तुलना केली आणि फरक आला नाही, तर ते सहा-सात शब्दांत सांगून टाका. पुढे कोणी अनेक अभ्यास एकत्र करून बघायला बसेल तेव्हा असे वगळलेले निष्कर्ष सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूला कलते.

टक्केवारीबद्दल मात्र सावध राहा. त्या १९७८ च्या अभ्यासातले २० टक्के हे शिक्षकांनी स्वतः दिलेल्या उत्तराचे आहेत, ‘फार ताणाचे’ हा पर्याय त्यांनीच निवडला होता. पीएसएस-१० चे तसे नाही. तिचे गुण ० ते ४० असतात. १३ पर्यंत कमी, २६ पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र ताण अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी छापलेली दिसते, पण ही मापनश्रेणी निदानासाठी बनवलेलीच नाही आणि तिला निदानाच्या सीमारेषा नाहीत. त्यामुळे ‘इतके टक्के शिक्षक तीव्र तणावग्रस्त आढळले’ हे वाक्य बातमीत उठून दिसेल, पण त्याखाली आधार नाही. गटांची तुलना करायला ही श्रेणी चांगली आहे, तिचा उपयोग तेवढाच करा.

१२ मुलाखती घेतल्या आहेत, तर त्यांनाही एक वाक्य द्या. ‘मुलाखतींतून विविध समस्या समोर आल्या’ असे नको. आकड्यांना जे सांगता आले नाही ते मुलाखतींनी सांगितले असेल, तेच निवडा.

शिफारशींकडे येऊ. ‘शासनाने शिक्षकांचा ताण कमी करण्यासाठी योग्य त्या उपाययोजना कराव्यात, योग-प्राणायामाचे वर्ग घ्यावेत’ हे वाक्य मी समीक्षेसाठी आलेल्या निबंधांत इतक्या वेळा वाचले आहे की ते कुठल्या निष्कर्षातून निघाले ते शोधण्याची आता सवय झाली आहे. बहुतेक वेळा ते कुठूनच निघालेले नसते. योगाचा परिणाम तुम्ही तपासलेला नाही, मग त्याची शिफारस तुमच्या अभ्यासाच्या नावावर करता येत नाही. एक साधी तपासणी करा: शिफारशीतल्या प्रत्येक कृतीपासून मागे बोट न्या आणि ते निष्कर्षांतल्या एखाद्या वाक्यावर टेकते का बघा. टेकत नसेल तर ती काढा.

दुसरे म्हणजे क्रियापद. तुमचे सर्वेक्षण एकाच वेळी झालेले आहे. ऑनलाइन माहिती भरण्यात जास्त तास जाणाऱ्यांचा ताण जास्त दिसला, तर तास वाढल्यामुळे ताण वाढला की आधीच त्रासलेल्या माणसाला तेच काम जास्त वेळ घेते, की दोन्हीमागे शिक्षकांची कमतरता आहे, हे या आराखड्यातून ठरत नाही. म्हणून ‘मुळे’, ‘परिणाम’, ‘कारणीभूत’ हे शब्द टाळा. ‘संबंध दिसला’, ‘सोबत आढळला’ असे लिहा. शिफारशीतही ‘करावे’ऐवजी ‘करून बघण्यास आधार मिळतो’ एवढेच म्हणा. यात भित्रेपणा नाही, तुमच्या पुराव्याचे वजन जेवढे तेवढेच शब्दांचे वजन राहते.

आणि शिफारस कायद्याच्या चौकटीत बसते का तेही बघा. ‘शिक्षकांना सर्व अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे’ असे सरसकट लिहिले जाते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करते, पण जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुकीची कामे यांचा अपवाद त्यातच आहे. तुम्ही कोणत्या कामाबद्दल बोलता ते नेमके लिहिले तर अधिकाऱ्याला त्याचे काहीतरी करता येते.

हे सगळे एकत्र ठेवून तुमचा सारांश कसा दिसेल ते लिहून दाखवतो. तुमचे निकाल प्रश्नात नाहीत, त्यामुळे यातले गुण, महिने, शाळांची निवड आणि निष्कर्ष सगळे नमुन्यापुरते, माझ्या मनचे आहेत. त्या जागी तुमचे घाला. त्यातला ‘आर’ म्हणजे सहसंबंधाचा गुणांक.

‘जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना जाणवणारा ताण आणि त्यांचे शिकवण्याव्यतिरिक्तचे काम यांचा संबंध तपासणे हा या अभ्यासाचा उद्देश होता. एका जिल्ह्यातील तीन तालुक्यांमधून यादृच्छिकपणे निवडलेल्या शाळांतील २१० शिक्षकांनी जानेवारी-फेब्रुवारीत पीएसएस-१० (गुणकक्षा ०–४०) आणि कामाच्या तासांची प्रश्नावली भरली. त्यांपैकी १२ जणांच्या मुलाखती घेतल्या. द्विशिक्षकी शाळांतील शिक्षकांचे सरासरी ताणगुण (२१.४) मोठ्या शाळांतील शिक्षकांपेक्षा (१७.९) जास्त होते; फरक मध्यम आकाराचा होता (डी=०.५८). ऑनलाइन माहिती भरण्याचे साप्ताहिक तास जितके अधिक, तितका ताण अधिक आढळला (आर=०.४१). लिंग किंवा सेवाकाल यांनुसार सार्थक फरक दिसला नाही. मुलाखतींत शिक्षकांनी कामाच्या प्रमाणापेक्षा तातडीच्या मागणीमुळे वर्ग सोडून उठावे लागणे अधिक त्रासदायक असल्याचे सांगितले. एकाच वेळी केलेल्या या सर्वेक्षणातून कारण सिद्ध होत नाही. तरी माहिती मागवण्याचे दिवस आधी ठरवणे आणि द्विशिक्षकी शाळांचे हे काम केंद्रस्तरावर करणे यांची प्रायोगिक चाचणी घेण्यास हे निष्कर्ष आधार देतात.’

हे १२२ शब्द झाले: उद्देश १८, पद्धत २३, निष्कर्ष ५१, शिफारस ३०. ‘गुणकक्षा ०–४०’ हे दोन शब्द मी मुद्दाम खर्च केले, कारण त्यांच्याशिवाय २१.४ हा आकडा कशापैकी ते कळत नाही. शिफारशीतल्या दोन गोष्टींची मुळे तपासा: दिवस आधी ठरवण्याची कल्पना मुलाखतींच्या वाक्यावर टेकते, आणि केंद्रस्तरावर काम करण्याची कल्पना द्विशिक्षकी शाळांच्या सरासरीवर आणि तासांच्या संबंधावर. तुमच्या मुलाखतींत वर्ग सोडून उठण्याबद्दल काही आलेच नसेल तर पहिली शिफारस गेली, तिच्या जागी जे आले असेल त्यातून निघणारी शिफारस येईल. दोन तासिकांच्या मध्ये फोनवर ‘आत्ताच्या आत्ता माहिती पाठवा’ असा निरोप येणे हे द्विशिक्षकी शाळेत वेगळेच संकट असते, कारण एक शिक्षक उठला की दुसऱ्यावर चारही इयत्ता येतात. असे काही तुमच्या मुलाखतींत असेल तर ते गमावू नका. ते तुमच्या निबंधाचे खरे वेगळेपण ठरेल.

उरलेले २८ शब्द भरायलाच हवेत असे नाही. प्रतिसादाचे प्रमाण ठाऊक असेल, म्हणजे किती जणांना प्रश्नावली दिली आणि किती जणांनी परत केली, तर ते पद्धतीत घाला. त्यासाठी चार-पाच शब्द पुरतात. बाकी जागा मी इंग्रजी रूपासाठी राखून ठेवीन. बऱ्याच नियतकालिकांना मराठी निबंधासोबत इंग्रजी सारांशही लागतो आणि मर्यादा तीच असते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीत गेला की माझ्या अनुभवात दहा-पंधरा टक्के तरी वाढतो. मराठी सारांश ठासून दीडशे शब्दांचा केलात तर इंग्रजीत पुन्हा काहीतरी कापावे लागेल आणि मग दोन सारांश दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतील. शब्द मोजताना मोकळी जागा सोडलेला प्रत्येक तुकडा संगणक एक शब्द धरतो, तेव्हा ‘डी = ०.५८’ असे सुटे लिहिले तर तीन शब्द खर्च होतात.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर करा. सारांशातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने निबंधातल्या तक्त्याचा क्रमांक लिहा. निबंधात दुरुस्त्या होतात, दोन प्रश्नावल्या बाद होऊन २१० चे २०८ होतात आणि सारांशात जुनाच आकडा राहतो, हे फार वेळा घडते. दुसरे, तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या शिक्षक मित्राला सारांश एकदा वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा: कोणाचा ताण जास्त निघाला, कितीने, आणि म्हणून काय करून बघायचे? तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर शिफारशीचे वाक्य पुन्हा लिहा, पहिल्या दोनला अडखळला तर निष्कर्षांचे.

सूचक शब्द सारांशाखाली वेगळे द्यायचे असतात आणि ते शब्दमर्यादेत धरत नाहीत, पण नियतकालिकाच्या सूचनांत एकदा खात्री करून घ्या. त्यांत ‘शिक्षण’, ‘ताण’ असे मोघम शब्द देऊ नका. ‘जाणवणारा ताण’, ‘प्राथमिक शिक्षक’, ‘द्विशिक्षकी शाळा’, ‘अशैक्षणिक काम’, ‘पीएसएस-१०’ हे पाच दिले तर पुढच्या संशोधकाला शोधताना तुमचा निबंध हाती लागेल.